४०० वजा २००: पोहण्याचा क्रिटिकल स्पीड काढायचा कसा आणि वापरायचा कसा

सलग ४०० मीटर फ्रीस्टाइल पोहता यायला लागलं की पुढचा प्रश्न येतो: आता सरावात किती वेगाने पोहायचं? तलावावर याचं उत्तर बहुतेक वेळा 'जोरात' किंवा 'आरामात' एवढंच मिळतं. त्यापेक्षा नेमका आकडा हवा असेल तर दोन वेळा लागतात. एक ४०० मीटरची, दुसरी २०० मीटरची, आणि दोन्ही जीव तोडून पोहलेल्या. या दोन वेळांच्या वजाबाकीतून जो वेग निघतो त्याला क्रिटिकल स्विम स्पीड म्हणतात, बोलताना नुसतं सीएसएस. ढोबळमानाने, ज्या वेगाच्या वर गेलात की दमाचा हिशोब बिघडायला लागतो, तो हा वेग.

स्नायूंच्या कामासाठी ही कल्पना १९६५ मध्ये मोनो आणि शेरेर या दोघांनी मांडली. १९९२ मध्ये वाकायोशी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी ती पोहण्याला लावून पाहिली. प्रयोगशाळा नको, रक्ताचा थेंब नको, घड्याळ आणि तलाव पुरे, म्हणून ती टिकली. मात्र वजाबाकी नेमकं काय करते हे कळलं नाही तर आकडा निघतो आणि तो चुकीचा आहे हेही लक्षात येत नाही. म्हणून आधी तेवढं समजून घेऊ.

वजाबाकी का?

असं समजा की शरीराकडे दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे चालू पगार: श्वासातून मिळणाऱ्या ऑक्सिजनवर बराच वेळ टिकवता येणारा वेग. दुसरी म्हणजे छोटीशी गंगाजळी: पगारापेक्षा जास्त खर्च झाला की तिला हात लागतो आणि ती संपली की वेग पडतो. पूर्ण जोर लावून २०० मीटर पोहलात तर पगारही खर्च होतो आणि गंगाजळीही संपते. ४०० मीटर पूर्ण जोर लावून पोहलात तरी तेच होतं. गंगाजळी दोन्ही वेळा तेवढीच संपते, कारण ती अंतरावर अवलंबून नसते. मग ४०० च्या वेळेतून २०० ची वेळ वजा केली की गंगाजळी दोन्हीकडून उडते. उरतो तो वेळ म्हणजे निव्वळ पगारावर २०० मीटर पोहायला लागणारा वेळ. त्याचा अर्धा म्हणजे १०० मीटरचा पेस.

आकड्यांत पाहू. हेच उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहोत. एका हौशी पोहणाऱ्याची ४०० मीटरची वेळ ८ मिनिटं २० सेकंद, म्हणजे ५०० सेकंद. २०० मीटरची वेळ ४ मिनिटं, म्हणजे २४० सेकंद. फरक २६० सेकंद. त्याचा अर्धा १३० सेकंद. सीएसएस पेस आला १०० मीटरला २ मिनिटं १० सेकंद.

गंगाजळी किती होती तेही यातून काढता येतं. २०० मीटर २६० सेकंदांत म्हणजे सेकंदाला साधारण ०.७७ मीटर. या वेगाने २४० सेकंदांत सुमारे १८५ मीटर झाले असते. पोहणारा मात्र २०० पोहला. वरचे १५ मीटर गंगाजळीतून आले. ४०० ला ताळा करून पाहा: ५०० सेकंदांत त्याच वेगाने ३८५ मीटर, आणि वरचे पुन्हा १५. हा १५ मीटरचा आकडा सरावात थेट कामाला येत नाही. पण पुढच्या चाचणीच्या वेळी फार उपयोगी पडतो, म्हणून वहीत लिहून ठेवा.

या मांडणीतली अट एकच, आणि सगळी गडबड तिथेच होते: दोन्ही वेळा गंगाजळी पूर्ण रिकामी व्हायला हवी. एका चाचणीत थोडी शिल्लक राहिली तर वजाबाकीत ती उडत नाही, उत्तरात शिरते.

चाचणी कधी करू नये

४०० मीटर न थांबता पोहता येत नसतील, किंवा मध्ये ब्रेस्टस्ट्रोकवर यावं लागत असेल, तर ही चाचणी अजून तुमच्यासाठी नाही. ४०० ला बारा-तेरा मिनिटं लागत असतील तरी थांबा. तिथे वेग दमामुळे अडत नाही, पाय बुडण्यामुळे आणि श्वास घेताना मान वर उचलण्यामुळे अडतो, आणि त्यावर पेसचा उपाय चालत नाही. आजारातून नुकतं उठल्यावर किंवा आदल्या दिवशी लांब पळून आल्यावरही चाचणी नको. हृदयविकार, रक्तदाब असा काही त्रास असेल तर पूर्ण जोराच्या पोहण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि जीवरक्षक हजर नसताना कुणीच ही चाचणी करू नये.

तलावाची लांबी

आधी तलाव मोजा. हे चेष्टेने सांगत नाही. सोसायटीतले आणि हॉटेलातले तलाव सर्रास १८, २०, २२ मीटरचे असतात आणि '२५ चा आहे' असं ठोकून सांगितलं जातं. काठावरून मोजपट्टी टाका, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तलाव २४ मीटरचा निघाला तर सोळा फेऱ्यांत तुम्ही ४०० नाही, ३८४ मीटर पोहलात. त्याच तलावात सराव करणार असाल तर फार बिघडत नाही, कारण चाचणी आणि सराव दोन्ही त्याच फेऱ्यांत मोजले जातात. पण तोच आकडा घेऊन दादरच्या शिवाजी पार्कचा किंवा पुण्यात बालेवाडीचा ५० मीटरचा तलाव गाठलात तर पहिल्या दहा मिनिटांत तोंडाला फेस येईल.

खरे २५ आणि खरे ५० मीटर यांतही फरक पडतो. ४०० मीटरला २५ च्या तलावात १५ वेळा वळावं लागतं, ५० च्या तलावात ७ वेळा. प्रत्येक वळणावर भिंत ढकलून काही मीटर फुकटात मिळतात, म्हणून २५ च्या तलावातल्या वेळा साधारणपणे चांगल्या येतात. वळण जितकं सफाईदार तितका हा फरक मोठा. त्यामुळे ज्या तलावात आठवडाभर सराव होणार तिथेच चाचणी घ्या, आणि दोन्ही तलाव वापरत असाल तर दोन वेगळे आकडे ठेवा. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना: तिकडचे बरेच तलाव २५ यार्डांचे, म्हणजे जेमतेम २३ मीटरचे असतात. घड्याळात यार्ड निवडायला विसरू नका.

'फेरी' या शब्दाचाही घोळ आहे. कुणी जाऊन-येऊन एक फेरी मोजतं, कुणी नुसतं जाणं. इथे फेरी म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, एकदाच. २५ च्या तलावात ४०० म्हणजे १६ फेऱ्या आणि २०० म्हणजे ८.

एकाच दिवशी की दोन दिवशी?

रूढ पद्धत अशी की एकाच सत्रात आधी ४०० पोहायचे, मग पुरेशी विश्रांती घेऊन २००. ज्यांना रोजचा सराव आहे त्यांना ते जमतं. नवख्या माणसाला मात्र दोन वेगळे दिवस घ्यायला सांगावं, मध्ये एक दिवस सोडून. एक कारण साधं आहे: महापालिकेच्या तलावावर पाऊण-एक तासाची बॅच असते. त्यात वॉर्मअप, ४००, विश्रांती आणि २०० बसवताना विश्रांतीलाच कात्री लागते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ४०० ने दमलेला माणूस २०० ला आठ-दहा सेकंद जास्त घेतो, आणि २०० ची वेळ वाढली की वजाबाकी लहान होते. म्हणजे दमल्यामुळे तुमचा सीएसएस चक्क वेगवान दिसतो! उदाहरणातला पोहणारा २०० ला ४:०० ऐवजी ४:०८ घेऊन आला तर फरक २५२ सेकंद, पेस २:०६. वहीत चार सेकंदांची प्रगती, आणि पुढचे सहा आठवडे झेपणार नाही असा सराव.

एकाच दिवशी करायचंच असेल तर दोन्हींच्या मध्ये किमान दहा मिनिटं द्या. त्यातली काही मिनिटं अगदी सावकाश पोहा, नुसते काठ धरून उभे राहू नका. २०० च्या आधी धाप पूर्ण ओसरलेली हवी.

चाचणीचा दिवस

चाचणीच्या दोन तास आधी जड खाऊ नका. गर्दीची बॅच टाळा. चाचणी चालू असताना लेनमध्ये कुणाला ओलांडावं लागलं तर ती वेळ बाद समजा. वेळ घ्यायला कुणीतरी काठावर असेल तर उत्तम, कारण दर १०० मीटरची वेळ त्यांना लिहून घेता येते आणि फेऱ्याही मोजता येतात.

वॉर्मअप असा: २०० मीटर सावकाश, मग ४ × ५० मीटर, प्रत्येक पन्नास आधीच्यापेक्षा थोडं जोरात, मध्ये २० सेकंद थांबून. शेवटी एक-दोन पंचवीस चाचणीच्या वेगाने, हात त्या तालात बसावेत म्हणून. मग तीन-चार मिनिटं आराम.

सुरुवात पाण्यातून, भिंत ढकलून. उडी नको. खरं तर दोन्ही वेळा सारखीच उडी मारलीत तर तिचा फायदाही वजाबाकीत उडून जातो, गंगाजळीसारखाच. घड्याळाचं बटण दोन्ही वेळा अर्धा सेकंद उशिरा दाबलं गेलं तरी उत्तर बदलत नाही. बिघडतं ते एकदा उडी आणि एकदा ढकलणं केल्यावर, किंवा एकदा काठावरच्या माणसाने आणि एकदा स्वतः वेळ घेतल्यावर. थोडक्यात, जे कराल ते दोन्हीकडे सारखं करा. कोणत्याही एका वेळेत एक सेकंदाची चूक झाली तर पेसमध्ये अर्ध्या सेकंदाची चूक येते, हे प्रमाण लक्षात असू द्या. पुल बॉय, फिन्स, पॅडल्स यांतलं काहीही वापरू नका, आणि दोन्ही अंतरं पूर्णपणे फ्रीस्टाइल पोहा.

आता खरी कसोटी, म्हणजे ४०० ची वाटणी. पहिल्या पन्नासला अंगात ताकद असते, पाणी हलकं वाटतं आणि माणूस सुसाट सुटतो. उदाहरणातल्या पोहणाऱ्याची चांगली वाटणी अशी होती: पहिले शंभर २:०२, दुसरे २:०६, तिसरे २:०७, चौथे २:०५. बेरीज ८:२०. पहिलं शतक थोडं वेगवान, मधली दोन एकसारखी, शेवटी पुन्हा थोडी उचल. तोच माणूस सुसाट सुटला असता तर चित्र असं दिसलं असतं: १:५४, २:०८, २:१६, २:१४. बेरीज ८:३२. बारा सेकंद गेले, आणि दम मात्र जास्त लागला. या वेळेवरून सीएसएस काढला तर फरक २७२ सेकंद, पेस २:१६. माणूस तोच, तब्येत तीच, आणि आकडा सहा सेकंदांनी मंद.

म्हणून पहिल्या शंभरला मुद्दाम लगाम घाला, इतका की 'हे फारच सोपं चाललंय' असं वाटलं पाहिजे. दुसऱ्या शंभरला ते वाटणं आपोआप थांबतं. तिसरं शंभर सगळ्यात अवघड. तिथे लक्ष हातांच्या लांबीवर ठेवा, कारण दमल्यावर हात आखूड आणि घाईघाईने पडायला लागतात. चौथ्याला उरलेलं सगळं काढा. पहिल्याच प्रयत्नात ही वाटणी बहुतेकांना जमत नाही. पहिला ४०० फसला तर तो सराव समजून आठवड्याने पुन्हा घ्या. फसलेल्या वेळेवर गणित करत बसू नका.

२०० ला इतका हिशोब नाही, पण तिथली चूक उलटी असते. लोक घाबरून राखून पोहतात. उदाहरणातली वाटणी पन्नासांत अशी: ५७, ६१, ६२, ६० सेकंद. शेवटच्या पंचवीसला हात जड व्हायला हवेत. भिंतीला हात लावल्यावर लगेच गप्पा मारता आल्या तर २०० राखून पोहलात असं समजा.

गणित आणि त्यातले खड्डे

सूत्र एवढंच:

```
सीएसएस पेस (१०० मीटरला) = (४०० ची वेळ − २०० ची वेळ) ÷ २
```

मिनिटं-सेकंदांची आधी सेकंदं करा. कॅल्क्युलेटरवर ८:०५ आणि ३:५२ या वेळा ८.०५ वजा ३.५२ अशा घातल्या की ४.५३ येतं, आणि ते ४ मिनिटं ५३ सेकंद वाटतं. खरा हिशोब ४८५ वजा २३२, म्हणजे २५३ सेकंद, म्हणजे ४ मिनिटं १३ सेकंद. अर्ध्याने १२६.५, पेस २:०६.५. असा अर्धा सेकंद आला तर मंद बाजूला धरा, २:०७.

स्प्रेडशीटमध्ये ठेवणार असाल तर वेळ तासांसकट लिहा. नुसतं ८:२० टाकलं तर तिथे आठ तास वीस मिनिटं असा अर्थ लागतो.

```
A1:  0:08:20
A2:  0:04:00
A3:  =(A1-A2)/2
```

A3 चं स्वरूप वेळेचं ठेवलं की ०:०२:१० दिसेल.

उत्तर आलं की लगेच सरावाला लागू नका. आधी पायऱ्यांचा ताळा करा. २०० चा सरासरी पेस, ४०० चा सरासरी पेस आणि सीएसएस हे तीन आकडे ओळीने लिहा. या सूत्राचा गुणधर्मच असा आहे की तीन आकड्यांमधल्या दोन पायऱ्या नेहमी सारख्या येतात. उदाहरणात २:००, २:०५, २:१०. पाच-पाच सेकंदांच्या पायऱ्या. पाहायचं ते पायरीच्या उंचीकडे. ती एक-दोन सेकंदांचीच निघाली तर बहुधा २०० राखून पोहला गेलाय किंवा दमलेल्या अंगाने पोहला गेलाय. दहा सेकंदांच्या वर गेली तर ४०० मध्ये सुरुवात सुसाट झाली असावी, किंवा माणूस जात्याच छोट्या अंतराचा आहे. पायरी उलटी पडली, म्हणजे सीएसएस ४०० च्या पेसपेक्षा वेगवान निघाला, तर फेऱ्या मोजताना चूक झाली किंवा २०० साफ वाया गेला. आठ मिनिटं जो वेग जेमतेम टिकला त्याहून जास्त वेग बराच वेळ टिकेल, असं होऊच शकत नाही.

मनगटी घड्याळाच्या भरवशावर फेऱ्या सोडू नका. ते वळणाच्या झटक्यावरून फेरी ओळखतं. भिंतीजवळ कुणी आडवं आलं आणि तुम्ही अडखळलात तर एकाच्या दोन फेऱ्या मोजल्या जातात. कोलांटी न मारता भिंत धरून वळताना हात हळूच टेकवला तर एखादी फेरी सुटते. सुरुवात आणि शेवट बटण दाबून घ्या आणि फेऱ्या स्वतः मोजा.

आकडा सरावात उतरवणं

सीएसएसचा मुख्य सराव म्हणजे त्या पेसने पोहलेली शंभरं, मध्ये थोडीच विश्रांती देऊन. आपल्या उदाहरणात ८ × १०० मीटर, प्रत्येक २:१० मध्ये, आणि दर २:३० ला सुटायचं. म्हणजे वीस सेकंद विश्रांती. दोन-तीन आठवड्यांत ती दहा शंभरांवर न्या, मग सुटण्याची वेळ २:२५ करा. त्यानंतर ५ × २०० मीटर, प्रत्येक ४:२० मध्ये, मध्ये तीस सेकंद. क्रम असाच ठेवा. आधी शंभरांची संख्या वाढते, मग विश्रांती कमी होते, मग तुकडा लांब होतो. पेस मात्र तोच राहतो. तो पुढच्या चाचणीतच बदलायचा.

या सरावाची गंमत अशी की पहिली तीन शंभरं कंटाळवाणी वाटतात. म्हणून नवखे ती २:०२ ला मारतात आणि सातव्याला २:१९ वर येतात. सरासरी काढली तर २:१० च येते, पण सराव झालेला नसतो. पहिल्यांदा गंगाजळी उधळली आणि नंतर दिवाळखोरीत पोहलात, एवढंच झालं. पहिलं आणि शेवटचं शंभर यांत दोन सेकंदांहून जास्त फरक नको.

वेग सांभाळायचा कसा? आपल्याकडच्या बऱ्याच तलावांत भिंतीवर पेस क्लॉक नसतं. टोपीखाली बसणारा छोटा बीपर मिळतो, तो या कामाला सगळ्यात चांगला. १३० सेकंदांचे चार भाग केले तर २५ मीटरला ३२.५ सेकंद येतात. बीपर तेवढ्यावर लावा. प्रत्येक बीपला तुमचे पाय भिंतीला टेकलेले हवेत. बीपच्या आधी पोचलात तर घाई झाली, नंतर पोचलात तर मागे पडलात. बीपर नसेल तर मनगटावरच्या घड्याळात पहिल्या पन्नासला नजर टाका. ६५ सेकंद दिसले पाहिजेत.

सोबत एका फेरीत किती हात पडतात ते मोजा. पहिल्या शंभरात फेरीला बावीस हात असतील आणि आठव्यात सव्वीस झाले असतील, तर पेस टिकला तरी तो टिकवण्याची किंमत वाढत चालली आहे. अशा दिवशी शंभरं वाढवू नका, आहेत त्यांतच हात मोजून पोहा.

हाच सराव चाचणीची परीक्षाही घेतो. ताज्या अंगाने, वीस सेकंद विश्रांतीवर आठ शंभरं जमायलाच हवीत, शेवटची दोन दात-ओठ खाऊन का होईना. चौथ्या-पाचव्यालाच पेस सुटला आणि सलग दोन सत्रं तसंच झालं, तर आकडा खोटा वेगवान आहे. तीन सेकंद मिळवा, २:१३ धरा आणि पुढे चला. आठही शंभरं सहज जाऊन वर बोलताही येत असेल तर ४०० फसला होता. या दोन्हींपैकी पहिली चूक जास्त आढळते, आणि त्याला एक कारण आहे. २०० आणि ४०० ही दोन्ही अंतरं मुळात छोटी आहेत. त्यांवरून काढलेला वेग अर्धा तास सलग टिकणाऱ्या खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्तच येतो. म्हणून सीएसएसला छत समजा. त्याच्या खाली राहिलात तर नुकसान नाही, वर गेलात तर वेगळाच सराव होतो.

आठवड्यात असा सराव एकदा, फार तर दोनदा. बाकीचं पोहणं सीएसएसपेक्षा १०० मीटरला दहा ते पंधरा सेकंद सावकाश, म्हणजे इथे २:२० ते २:२५. हे पाळणं लोकांना जड जातं. रोज मधल्याच कुठल्यातरी वेगाने पोहायची सवय असते. तो वेग तंत्र सुधारायला फार घाईचा आणि दम वाढवायला फार ढिला पडतो.

समुद्रात उतरताना

गोव्यात मिरामारला होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनमध्ये पोहायचं अंतर १.९ किलोमीटर आहे, आणि पुण्या-मुंबईच्या अनेकांची ती पहिली समुद्रातली शर्यत असते. १९ गुणिले २:१० म्हणजे ४१ मिनिटं १० सेकंद, असं गणित घरी बसून सगळेच करतात. ते धरून निघू नका. चाळीस मिनिटं हा सीएसएसचा पल्ला नाही. समुद्रात वळणावर ढकलायला भिंत नसते, दर काही हातांनी मान वर काढून बोया शोधावा लागतो, आणि रेषा वाकडी गेली की अंतर वाढतं. खाऱ्या पाण्यात अंग थोडं वर तरंगतं, पण त्याने हे सगळं भरून निघेलच असं नाही. पाच सेकंद सोडून २:१५ धरलं तर ४२:४५ होतात, आणि पाणी शांत असेल तर ती योजना शहाणपणाची. लाटा असतील तर घड्याळ विसरा आणि तलावातल्या शंभरांत ओळखीचा झालेला दम आठवून पोहा. बीपरवरचा सराव तिथे असा कामाला येतो.

पुन्हा चाचणी, आणि आकडे वाचणं

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या. तलाव तोच, शक्यतो वेळही तीच, क्रमही तोच. एक सेकंदाच्या आतला फरक प्रगती किंवा अधोगती म्हणून मोजू नका. तेवढा फरक बटण दाबण्यातही पडतो.

आता तो १५ मीटरचा आकडा काढा. समजा नव्या वेळा आल्या ८:०८ आणि ३:५०. दोन्हींत दहा-बारा सेकंदांची सुधारणा, पण फरक २५८ सेकंद, पेस २:०९. फक्त एक सेकंद! इथे बरेच जण खट्टू होतात. गंगाजळी काढून पाहा. २:०९ च्या पेसने २३० सेकंदांत १७८ मीटर होतात, म्हणजे वरचे जवळजवळ २२ मीटर गंगाजळीचे. ती १५ वरून २२ झाली. सुधारणा झाली आहे, पण ती छोट्या अंतराच्या ताकदीत झाली आहे. बहुधा सरावात जोराची पन्नासं जास्त झाली आणि सीएसएसची शंभरं कमी पडली. पुढच्या सहा आठवड्यांत ५ × २०० वर भर द्यावा.

उलट वेळा ८:०८ आणि ३:५८ आल्या असत्या तर फरक २५० सेकंद, पेस २:०५, आणि गंगाजळी जेमतेम दहा मीटर. पाच सेकंदांची उडी छान दिसते, पण पायऱ्या पाहा: १:५९, २:०२, २:०५. तीन-तीन सेकंदांच्या. हे खरंही असू शकतं, कारण लांब सरावाने दम वाढतो तेव्हा पायऱ्या अशाच बसक्या होतात. २०० राखून पोहला गेला असेल तरीही त्या अशाच दिसतात. कागदावर हे दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी तलावात ८ × १०० मीटर, प्रत्येक २:०५ मध्ये, दर २:२५ ला सुटून पोहून पाहायचं. सहाव्या शंभरापर्यंत उत्तर मिळतं.